वेल्वेटचे दोन ब्लाउज: एक टिकल्यांचा, एक जरदोसीचा

लग्नसराई संपली की दोन्ही ब्लाउज एकाच पिशवीत घालून लाँड्रीत दिले जातात. दोन्ही वेल्वेटचे, दोन्ही चमकणारे, मग वेगळं काय? टिकली म्हणजे प्लास्टिकची पातळ चकती आणि जरदोसी म्हणजे धातूची तार. टिकलीला उष्णता आणि ड्रायक्लीनचं रसायन बाधतं. पाण्याचं तिला फारसं काही नसतं. जरदोसीचं नेमकं उलटं, तिला दमट हवा आणि घाम खातो.

काही ब्लाउजवर दोन्ही कामं मिसळलेली असतात, म्हणून आधी काम जवळून बघा. जरदोसीतला डबका पेनातल्या स्प्रिंगसारखा दिसतो, बारीक वेटोळ्यांची पोकळ नळी. सपाट जरीच्या धाग्याबद्दल शंका असेल तर आतल्या शिवणीतला सुटा तुकडा चिमट्यात धरून जाळा. प्लास्टिकची जर आक्रसते आणि तिचा काळा मणी होतो. खऱ्या जरीतला आतला धागा जळतो, तार मागे उरते. प्लास्टिकची जर निघाली तर काळी पडण्याची चिंता नको, तिला टिकलीचेच नियम.

टिकल्यांचा ब्लाउज पॉलिएस्टर वेल्वेटचा असेल तर घरी धुता येतो. सिल्क किंवा रेयॉनच्या वेल्वेटला मात्र पाणी लावू नका, त्याची लव चिकटून बसते आणि परत उभी राहत नाही. आधी ओला पांढरा कापूस आतल्या शिवणीवर अर्धा मिनिट दाबून धरा. रंग उतरला तर धुण्याचा बेत रद्द. एखादी आतली टिकलीही तशीच घासून बघा, कारण स्वस्त टिकल्यांचा वरचा रंग निघतो. दोन्ही ठीक असेल तर अर्धी बादली गार पाण्यात चमचाभर लिक्विड साबण घालून ब्लाउज उलटा करून पाच मिनिटं बुडवा. काखेचं अस्तर हातानं हलकं चोळा, बाकी काही चोळू नका. पिळायचं नाही. टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी करायची, दाबायची आणि सावलीत आडवा वाळवायचा. इस्त्री अजिबात नको, टिकल्या कडेनं वळतात आणि वळलेली टिकली सरळ होत नाही. मशीनवर लावलेल्या टिकल्यांचा एक धागा सुटला की ओळच्या ओळ उसवते, म्हणून सुटं टोक दिसताच उलट्या बाजूला गाठ मारून टाका.

लाँड्रीत द्यायचाच असेल तर टिकल्या आहेत हे तोंडानं सांगा. पेट्रोल वॉश टिकल्यांना सहसा सोसतो. ड्रायक्लीनच्या परक्लोरोएथिलिन या रसायनानं मात्र काहींचा रंग जातो, काही मऊ पडून वाकतात. कुंदन किंवा खडे गोंदानं चिकटवलेले असतील तर कुठल्याही पद्धतीत ते गळू शकतात.

जरदोसीला बादली दाखवायचीच नाही. समारंभातून घरी आलात की ब्लाउज लगेच कपाटात न टाकता उलटा करा, काखेचं अस्तर ओलसर फडक्यानं टिपा, अस्तर आणि कामाच्या मध्ये कोरडा टॉवेल ठेवा आणि रात्रभर पंख्याखाली राहू द्या. अत्तर, डिओ नेहमी ब्लाउज घालण्याआधी मारा. तार काळी पडली तर ते चांदीच्या मुलाम्यावर गंधकानं धरलेलं पुट असतं. हिरवी छटा दिसली तर आतल्या तांब्यापर्यंत ओल पोचली आहे. चिंच, लिंबू, टूथपेस्ट यांनी घासल्यावर क्षणभर चकाकतं, पण पातळ मुलामा निघून जातो आणि लालसर तांबं उघडं पडतं. असं काम कारागिराला दाखवावं, घरी प्रयोग नकोत.

ठेवतानाही दोघांचं वेगळं. जरदोसीशेजारी लोकरीची शाल नको आणि पुडक्याला रबरबँडही नको, दोन्हींत गंधक असतं. डांबरगोळ्याही सरळ कामाला टेकवू नका. धुतलेल्या, खळ काढलेल्या मलमलमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पिशवीतली दमट हवा तिथेच कोंडते. सिलिका जेलची पुडी कापडाबाहेर ठेवा आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की एक दुपार सावलीत हवा द्या. जड काम हँगरवर टांगलं तर खांदे ओढले जातात, म्हणून ते आडवंच, बाह्यांमध्ये मलमलची सैल गुंडाळी भरून. तीन-चार महिन्यांनी घडीची जागा बदला, नाहीतर तिथली तार मोडते आणि वेल्वेटवर कायमची रेघ उमटते.

टिकल्यांच्या ब्लाउजला दमटपणाची एवढी धास्ती नाही, पण उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तो विसरू नका. तोही आडवा ठेवा आणि टिकल्या आतल्या बाजूला, मध्ये मलमल, म्हणजे त्यांच्या कडा वेल्वेटची लव ओरबाडणार नाहीत. लव दबलीच तर उलट्या बाजूनं, हातभर अंतरावरून थोडी वाफ द्या आणि मऊ ब्रश लवेच्या दिशेनं फिरवा. जरदोसीवर ही वाफेची युक्ती चालवू नका. तिथे दबलेली लव तशीच राहिलेली बरी.