भाडेकरारावर सही करण्याआधी नावे, पत्ते आणि तारखा कशा तपासाव्यात

महाराष्ट्रात घरभाड्याचा करार, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ही जबाबदारी मालकावर टाकली आहे. मसुदा मात्र दोघांनीही वाचावा, कारण दुरुस्तीला दोघांच्याही सह्या लागतात.

तपासायला बसताना दोघांचे आधार व पॅन, घराचा इंडेक्स टू, म्हणजे मिळकतीच्या नोंदणीचा उतारा, आणि ताजे वीजबिल समोर ठेवा. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने मसुद्यावर बोट ठेवून जुळवावे. आधार, पॅन, पिनकोड यांचा एकेक आकडा सुटा वाचावा.

नाव फक्त पहिल्या पानावर पाहून भागत नाही. ते मुद्रांकावर, मजकुरात, मिळकतीच्या परिशिष्टात आणि सहीच्या जागी येते, आणि सगळीकडे तेच हवे. वरती ‘दीक्षित’ आणि सहीखाली ‘दिक्षित’ हा नेहमीचा घोळ. करार बहुधा जुन्या फाइलवरून तयार होतो, त्यामुळे मधल्या एखाद्या कलमात आधीच्या भाडेकरूचे नाव तसेच राहून जाते. तेव्हा कलमे गाळू नका. मुद्रांक करारातल्याच एका पक्षकाराच्या नावे घेतलेला आहे ना, तेही पाहा.

पत्त्यात विंग आणि फ्लॅट क्रमांक सर्वात जास्त चुकतात. ‘बी-३०४’ ऐवजी ‘बी-४०३’ छापले गेले, तर करार कागदोपत्री दुसऱ्याच घराचा होतो. भाडेकरूचा कायमचा पत्ता आणि भाड्याच्या घराचा पत्ता वेगवेगळे आहेत, हेही तपासा. कॉपी-पेस्टमध्ये दोन्हीकडे एकच पत्ता पडतो.

तारखांचा हिशेब बोटांवर करा. १ जून २०२५ पासून ११ महिने म्हणजे ३० एप्रिल २०२६. मसुद्यात १ मे किंवा ३१ मे असेल, तर ‘११ महिने’ हे शब्द आणि तारखा एकमेकांना खोटे पाडतात. पुढे घर सोडण्यावरून वाद झाला की नेमके हेच कलम उघडले जाते.

चूक सहीआधी सापडली तर ते पान नव्याने छापून घ्या. सही झाली पण नोंदणी बाकी असेल, तर व्हाइटनर अजिबात नको. चुकीवर एक रेघ मारून वर योग्य शब्द लिहा आणि शेजारी दोघांनीही सही करा. अशा सह्या नसतील तर निबंधक दस्त नाकारू शकतात. ऑनलाइन नोंदणीत बोटांचे ठसे देण्याआधी पडद्यावरचा मसुदा पुन्हा वाचा.

नोंदणीनंतर हाताने काहीही बदलता येत नाही. मूळ दस्त क्रमांक आणि तारीख नमूद करून चूक दुरुस्ती दस्त करावा लागतो, आणि तोही नोंदवावा लागतो. त्यात चुकीचा आणि योग्य मजकूर दोन्ही लिहा. भाडे किंवा मुदतच बदलायची असेल, तर ती लेखनातली चूक ठरत नाही. त्यासाठी नवा करार करा.