मशीनच्या पुढ्यातलं पाणी: दाराच्या रबराचं की पावडरच्या ड्रॉवरचं?

फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या पुढ्यात पाणी साचलेलं दिसलं की पहिला संशय दाराच्या रबरावर जातो आणि रबर बदलायची बोलणी सुरू होतात. पण रबर धडधाकट असूनही पाणी बाहेर येऊ शकतं. ड्रॉवरमधून उतू गेलेलं पाणी मशीनच्या पुढच्या पत्र्यावरून ओघळतं आणि दारातून झिरपलेल्या पाण्यासारखंच पुढच्या पायांशी जमतं. त्यामुळे नुसतं फरशीवरचं ओल पाहून काही ठरवू नये. पाणी कोणत्या वेळी आलं, हे पाहिलं तर उत्तर बहुधा मिळतं.

त्यासाठी फरशी कोरडी करा, मशीनच्या पुढच्या कडेखाली वर्तमानपत्र सरकवा आणि नेहमीएवढे कपडे घालून मशीन सुरू करा. हातात टॉर्च घेऊन सुरुवातीची पंधरा मिनिटं समोर बसा. आधी पाणी भरल्याचा सळसळता आवाज येतो. या वेळी पाणी ड्रॉवरमधूनच आत जातं. मग आवाज थांबतो, ड्रम फिरू लागतो आणि पाणी दारावर आपटू लागतं. शेवटी पंप पाणी बाहेर फेकतो. भरताना कागद भिजला तर ड्रॉवर, नुसता ड्रम फिरताना भिजला तर दार. फक्त पाणी बाहेर टाकताना भिजला तर खालच्या फिल्टरचं झाकण नीट घट्ट आहे का, ड्रेन पाइप कुठे सुटलाय का, ते बघा.

एक उदाहरण घेऊ. मशीन सुरू होऊन दोन-तीन मिनिटांतच डाव्या कोपऱ्यातला कागद ओला झाला. ड्रम फिरत असताना नवं पाणी आलं नाही. पुढे खळबळण्यासाठी पुन्हा पाणी भरू लागलं, तेव्हा परत ओघळ आला. बहुतेक मशीनमध्ये ड्रॉवर डावीकडे वर असतो, म्हणजे रोख स्पष्ट आहे. हेच पाणी फक्त शेवटच्या खळबळीला आलं असतं तर ड्रॉवरमधल्या सॉफ्टनरच्या कप्प्यावर बोट ठेवता आलं असतं, कारण त्या वेळी पाणी त्या कप्प्यातून जातं.

ड्रॉवर का उतू जातो? त्याच्या वरच्या छताला बारीक छिद्रं असतात. त्यातून पाण्याच्या धारा कप्प्यांत पडतात, पावडर धुऊन मागच्या बाजूने खाली जातात आणि एका जाड रबरी नळीतून ड्रमकडे उतरतात. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातले क्षार या छिद्रांच्या कडेला साचले की धार सरळ न पडता तिरपी होते आणि ड्रॉवरच्या पुढच्या भिंतीवर आदळते. दुसरीकडे, थंड पाण्यात पावडर पुरती विरघळली नाही तर ती मागच्या वाटेत घट्ट बसते. येणारं पाणी जेवढं, तेवढं खाली जाऊ शकलं नाही की कप्पा भरतो आणि पाणी पुढून सांडतं. मशीन पुढे किंचित कललेलं असेल तर हे आणखी लवकर होतं, म्हणून लेव्हल तपासून पाय वर-खाली करून घ्या. इमारतीत प्रेशर पंप असेल आणि बाकी सगळं स्वच्छ असूनही पाणी सांडत असेल, तर मशीनच्या नळाची चावी थोडी कमी करून बघा. त्याने थांबलं तर दोष दाबाचा आहे.

वाट तुंबली आहे का, हे मशीन बंद ठेवूनही कळतं. ड्रॉवर अर्धा बाहेर ओढून मुख्य धुलाईच्या कप्प्यात लिटरभर पाणी सावकाश ओता. ते गुडगुडत मागे निघून गेलं तर नळी मोकळी आहे. साचून राहिलं किंवा पुढे आलं तर वाट बुजलेली आहे. चाचणीनंतर ड्रेनचा प्रोग्रॅम लावून ते पाणी काढून टाका.

सफाईला सुरुवात करण्यापूर्वी प्लग काढा आणि नळ बंद करा. ड्रॉवर पूर्ण ओढून, आतली खटकी दाबून बाहेर काढा. सॉफ्टनरच्या कप्प्यावरची टोपी उपसून घ्या. टोपीखाली एक उभी नळी असते. पाणी तिच्या तोंडाच्या वर गेलं की सायफनने सगळा कप्पा रिकामा होतो. घट्ट सॉफ्टनरने ही नळी चिकटली की कप्पा रिकामा होत नाही आणि पुढच्या वेळी उतू जातो. तळाशी किंचित पाणी उरणं मात्र नेहमीचंच आहे. ड्रॉवर आणि टोपी लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूफूल, विरघळवून अर्धा तास बुडवून ठेवा. क्षार असतील तर बारीक बुडबुडे येतात. मग जुन्या टूथब्रशने घासा. ड्रॉवरच्या रिकाम्या खणात वरच्या छतालाही याच पाण्याने ब्रश फिरवा आणि बुजलेली छिद्रं टूथपिकने हळू मोकळी करा. बरेच जण ड्रॉवर चकचकीत करतात आणि हे छत तसंच सोडतात. खरी अडचण मात्र तिथेच असते.

आता दाराकडे वळू. रबराची ओठासारखी कड दाराच्या फुगीर काचेला टेकते आणि पाणी अडवते. काचेवरून बोट फिरवा. जिथे कड टेकते तिथे खरखरीत किंवा बुळबुळीत वर्तुळ लागलं, तर रबर काचेला सगळीकडे सारखं टेकत नाही. पावडर आणि सॉफ्टनर एकमेकांत मिसळून चिकट थर होतो आणि त्यात केस व तंतू अडकतात. एखाद्या चादरीचं टोक कडेत अडकलं तरी ते वातीसारखं पाणी बाहेर ओढत राहतं. काच आणि रबर कोमट पाणी व भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब घेऊन पुसा. रबराची घडी उलटून आतला गाळ काढा. तळाच्या घडीत बहुतेक मशीनना छोटी छिद्रं असतात. ती केसांनी बुजली की घडीत पाणी साचतं आणि धुलाई संपल्यावर दार उघडताच अंगावर सांडतं. ही गळती नव्हे, पण तक्रार गळतीचीच होते.

रबरावरचे काळे डाग बुरशीचे असतात. ते गळतीचं कारण नसतात आणि आत मुरलेले डाग पुरते जातही नाहीत. त्यांच्यासाठी ब्लीच वापरणार असाल, तर ते सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगरसोबत कधीही वापरू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

रबर स्वच्छ, अखंड आणि तरीही दारातून पाणी, तेही फेसाळ, येत असेल तर पावडर बघा. हाताने धुण्याच्या पावडरला भरपूर फेस येतो. तो ड्रम भरून वर चढतो, कडेतून झिरपतो आणि कधीकधी नळीतून उलटा ड्रॉवरमध्येही येतो. कपडे व पावडर न घालता ६० अंशांवर मशीन चालवा. काचेवर तरीही फेस दिसला, तर तो आत साठलेल्या पावडरचा आहे. फेस नाहीसा होईपर्यंत पुन्हा रिकामं चालवा आणि पुढे फ्रंट लोडसाठीची पावडरच, पाकिटावर दिलेल्या मापाने वापरा.

रबर फाटलं असेल तर मात्र सफाईचा उपयोग नाही. घडी ताणून टॉर्चच्या उजेडात तळाचा भाग नीट बघा, कारण नाणी, पिना आणि ब्राच्या तारा तिथेच घासतात. चिकटवलेलं ठिगळ गरम पाणी आणि ताण यांपुढे टिकत नाही. रबर फिरवून फाटका भाग वर घेणंही जमत नाही, कारण तळाची छिद्रं तळाशीच असावी लागतात. नवं रबर मॉडेल नंबर सांगूनच घ्या. बसवताना त्यावरची खूण टबावरच्या खुणेशी जुळते का आणि बाहेरची तारेची कडी खोबणीत पूर्ण बसली का, हे मेकॅनिक असतानाच बघा. मग कपडे न घालता रिन्सचा प्रोग्रॅम लावून खाली पुन्हा कोरडा कागद ठेवा.