लाल आणि बिनपॉलिशच्या तांदळासाठी पाण्याचे माप

आमच्या दुकानातून लाल किंवा बिनपॉलिशचा तांदूळ नेणाऱ्या ग्राहकांच्या दोन तक्रारी असतात. काही जण दाणा आतून टणक राहिला म्हणतात, तर काही जण भाताचा गिच्चा झाला म्हणून उरलेली पिशवी परत आणतात. दोन्ही वेळा दोष बहुधा तांदळाचा नसून मापाचा असतो. त्यात थोडी चूक आमचीही आहे, कारण पूर्वी आमच्या पिशवीवर नुसते ‘अडीचपट पाणी’ असे छापलेले असे. ते माप न भिजवता उघड्या पातेल्यात शिजवायच्या तांदळाचे होते, हे लिहायचे राहून गेले.

आपल्याकडे रोजच्या खिचडीचा तांदूळ धुऊन लगेच कुकरला लावतात. पॉलिश केलेल्या तांदळाला ते चालते. या तांदळावर मात्र कोंड्याचा थर तसाच असल्यामुळे पाणी सावकाश आत शिरते आणि न भिजवल्यास कड शिजून गाभा कच्चा राहतो. म्हणून कुकरला लावण्यापूर्वी तो सात-आठ तास भिजवावा. भिजलेला दाणा नखाने दाबल्यावर सहज तुटला पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत मात्र तांदूळ रात्रभर ओट्यावर ठेवू नये, कारण आपल्या उन्हाळ्यात ते पाणी सकाळपर्यंत आंबते, फ्रिजमध्ये ठेवावा.

मुख्य चूक यापुढे होते. भिजलेल्या तांदळाने आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण पाव भागाइतके पाणी आधीच शोषलेले असते. त्यावर पुन्हा अडीचपट पाणी घातले की दाणा फुटून बाहेरून चिकट होतो. समजा, दोन वाट्या तांदूळ भिजवला. तो चाळणीत दहा मिनिटे पूर्ण निथळू द्यावा आणि त्याच वाटीने तीन वाट्या ताजे पाणी घालावे, म्हणजेच कोरड्या मापाच्या दीडपट. भिजल्यावर फुगलेला तांदूळ पुन्हा मोजून त्यावरून पाणी ठरवू नये. डबा कुकरमध्ये ठेवून एक शिट्टी झाली की आच मंद करावी, पंधरा मिनिटांनी गॅस बंद करावा आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. शिट्टी उचलून वाफ सोडल्यास गाभ्यापर्यंत ओलावा पोहोचायची वेळच कापली जाते.

दाणा बोटांत चिरडल्यावर मध्ये पांढरा टणक ठिपका दिसला, तर दोन-तीन चमचे उकळते पाणी शिंपडून पाच मिनिटे मंद आचेवर झाकून ठेवावे. गार पाणी घालू नये. लाल तांदळाचे पाणी लालसर होते, त्याला रंग लावल्याची शंका काही जण घेतात. दाणा मोडून पाहावा: लाली वरच्या थरात असते, आत तो पांढराच निघतो.

कोंड्यात तेल असल्यामुळे हा तांदूळ फार दिवस ठेवल्यास खवट होतो. म्हणून आम्ही तो थोडा थोडा सडून घेतो आणि एका वेळी महिनाभर पुरेल एवढाच न्यावा असे सुचवतो. प्रथमच नेणाऱ्यांसाठी अर्धा किलोची पिशवीही ठेवली आहे.