दोन रकान्यांची पटकथा

एकाच पानावर डावीकडे दृश्य आणि उजवीकडे आवाज असे दोन उभे रकाने पाडून लिहिलेली पटकथा. जाहिरात, माहितीपट, शैक्षणिक फिल्म आणि टीव्हीच्या बातम्यांमध्ये ही जास्त दिसते. काही ठिकाणी रकाने उलटेही असतात.

उगमाबद्दल दोन मतं आहेत. एक मत म्हणजे ही पद्धत साधारण १९४० आणि ५० च्या दशकांतल्या लाइव्ह टीव्ही स्टुडिओतून आली, कारण तिथे डायरेक्टरला पुढचा शॉट कुठल्या कॅमेऱ्यावर घ्यायचा ते बघायचं असे आणि त्याच वेळी बोललं जाणारं वाक्यही डोळ्यासमोर लागे, त्यामुळे बीबीसीच्या कॅमेरा स्क्रिप्टमध्येही शॉट नंबर व कॅमेरा डावीकडे आणि संवाद उजवीकडे असत. दुसरं मत तिचं मूळ निवेदन असलेल्या माहितीपटांत आणि प्रशिक्षणाच्या फिल्म्समध्ये शोधतं, जिथे चित्र आणि आवाज मुळातच वेगवेगळे तयार होतात. पहिलं मत बातम्यांच्या स्क्रिप्टला नीट लागू पडतं, तिथे उजवा रकाना निवेदकासाठी प्रॉम्प्टरवर जातो आणि डावा कंट्रोल रूमसाठी राहतो. पण माहितीपटाचा विचार केला तर दुसरं जास्त पटतं, आणि दोन्ही प्रवाह नंतर एकत्र आले असावेत.

उपयोग कुठे होतो ते एका उदाहरणावरून कळतं. जुलाब झाल्यावर द्यायच्या साखर-मीठ-पाण्यावर ३० सेकंदांची फिल्म करायचीय, प्रमाण १ लिटर स्वच्छ पाण्याला ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सलग लिहिलं तर सगळं ठीक वाटतं. रकान्यांत मांडलं की दिसतं, उजवीकडे "त्यात सहा सपाट चमचे साखर घाला" एवढंच, म्हणजे जेमतेम तीन सेकंद, आणि डावीकडे सहा चमचे एकेक करून पडतायत, ज्याला दहाएक सेकंद लागतात. मग निवेदक "अर्धा चमचा मीठ" म्हणतो तेव्हा पडद्यावर अजून साखरेचा भरलेला चमचाच चाललेला असतो, आणि बघणारी आई मीठही अर्ध्याऐवजी पूर्ण चमचाभर घालू शकते, जे आजारी बाळाला खरंच धोक्याचं आहे. म्हणून साखरेचा फक्त पहिला आणि शेवटचा चमचा दाखवून पडद्यावर ६ चा आकडा द्यायचा, मिठाला स्वतंत्र ओळ आणि क्लोजअप द्यायचा, आणि मिठाचं वाक्य पडद्यावर मिठाचा शॉट आल्यावरच सुरू करायचं.

हे जमायला प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक क्षण असावा लागतो. टॅब मारून रकाने पाडले तर एक शब्द वाढवला तरी समोरचं दृश्य खाली सरकतं, त्यामुळे टेबलच वापरावं. शिवाय पानावरून वेळ कळत नाही, उजवा रकाना घड्याळ लावून मोठ्याने वाचावा लागतो.

पात्रांच्या संवादावर चालणाऱ्या कथेत मात्र ही पद्धत अडते. तिथे आवाज दृश्यातूनच येतो, आणि रकाने वाचताना बोलणं आणि कृती यांची सांगड वाचणाऱ्यालाच घालत बसावी लागते.