शेवटचे सहा रुपये चोवीस पैसे

"समीकरणाने येतं ते खरं उत्तर, फेऱ्या मारून येतं ते अंदाजे." कॉस्टिंग शिकणाऱ्या मुलांच्या तोंडून आणि कारखान्यांच्या अकाउंट्स विभागातूनही हे वाक्य मी नाशिकमध्ये वारंवार ऐकलं आहे. ज्या पद्धतीबद्दल ते बोललं जातं, ती 'रिपीटेड डिस्ट्रिब्युशन' पद्धत, म्हणजे पुनःपुन्हा वाटप करण्याची पद्धत, मला फार आवडते. तिला अंदाजे म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. आपण नेमके किती चुकलो आहोत, हे ती स्वतःच सांगते.

आधी प्रश्न काय आहे ते पाहू. अंबड एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे अशी कल्पना करा. माल तीन विभागांत तयार होतो: मशीन शॉप, प्रेस शॉप आणि असेंब्ली. याशिवाय दोन विभाग असे आहेत की जे विकण्यासारखं काहीच बनवत नाहीत. एक मेंटेनन्स, म्हणजे फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन. दुसरा युटिलिटी, म्हणजे कंप्रेसर, जनरेटर आणि कूलिंग टॉवर सांभाळणारी मंडळी. या महिन्यात मेंटेनन्सवर १,८०,००० रुपये खर्च झाले आणि युटिलिटीवर १,२०,०००. ग्राहक पैसे देतो ते सुट्या भागांचे, त्यामुळे हे ३,००,००० रुपये शेवटी उत्पादनाच्या तीन विभागांवरच टाकावे लागतात. नाहीतर एका ब्रॅकेटची किंमत किती धरायची, हेच ठरत नाही.

अडचण अशी की हे दोन सेवा विभाग एकमेकांचंही काम करतात. कंप्रेसर बिघडला की मेंटेनन्सचा फिटर धावतो. मेंटेनन्सच्या वर्कशॉपमधलं लेथ आणि वेल्डिंग युटिलिटीच्या विजेवर चालतं. मेंटेनन्सचा पूर्ण खर्च कळायला युटिलिटीचा खर्च हवा, आणि युटिलिटीचा कळायला मेंटेनन्सचा.

फिटरच्या जॉब कार्डांवरचे तास जुळवल्यावर दिसलं की मेंटेनन्सचं ४० टक्के काम मशीन शॉपसाठी झालं, ३० टक्के प्रेस शॉपसाठी, १० टक्के असेंब्लीसाठी आणि २० टक्के युटिलिटीसाठी. युटिलिटीची विभागणी सब-मीटरवरून निघाली: मशीन शॉप ४०, प्रेस शॉप ३५, असेंब्ली १५ आणि मेंटेनन्स १०.

आता वही घ्या आणि सरळ वाटायला लागा. मेंटेनन्सचे १,८०,००० चौघांत वाटले की युटिलिटीच्या वाट्याला ३६,००० येतात आणि मेंटेनन्सच्या खात्यात शून्य उरतं. युटिलिटीकडे आता १,५६,००० झाले. ते वाटले की युटिलिटी शून्यावर येते, पण १५,६०० रुपये मेंटेनन्सकडे परत येतात. ते पुन्हा वाटायचे. सगळं वाटप असं दिसतं:

| वाटणारा विभाग | रक्कम | मशीन शॉप | प्रेस शॉप | असेंब्ली | दुसऱ्या सेवा विभागाकडे |
|---|---|---|---|---|---|
| मेंटेनन्स | १,८०,००० | ७२,००० | ५४,००० | १८,००० | ३६,००० |
| युटिलिटी | १,५६,००० | ६२,४०० | ५४,६०० | २३,४०० | १५,६०० |
| मेंटेनन्स | १५,६०० | ६,२४० | ४,६८० | १,५६० | ३,१२० |
| युटिलिटी | ३,१२० | १,२४८ | १,०९२ | ४६८ | ३१२ |
| मेंटेनन्स | ३१२ | १२४.८० | ९३.६० | ३१.२० | ६२.४० |
| युटिलिटी | ६२.४० | २४.९६ | २१.८४ | ९.३६ | ६.२४ |
| मेंटेनन्स | ६.२४ | ३.१२ | २.३४ | ०.७८ | ० |
| एकूण | | १,४२,०४०.८८ | १,१४,४८९.७८ | ४३,४६९.३४ | |

शेवटच्या ओळीत ६ रुपये २४ पैसे उरले तेव्हा आपण थांबलो. त्यातलं युटिलिटीला काहीच दिलं नाही. उरलेल्या तिघांत ४०:३०:१० या प्रमाणात, म्हणजे ४:३:१ असे ते वाटून टाकले. तिन्ही बेरजा एकत्र करून पाहा, बरोबर ३,००,००० येतात.

माझा खरा जीव आहे तो दुसऱ्या सेवा विभागाकडे जाणाऱ्या रकमांच्या रकान्यात. मेंटेनन्सकडे परत येणाऱ्या रकमा बघा: १५,६००, मग ३१२, मग ६.२४. प्रत्येक रक्कम आधीच्या रकमेच्या नेमकी २ टक्के आहे. आकडे सोयीचे निवडले म्हणून तसं झालं, असं वाटेल. पण कुठलेही आकडे घेतले तरी असंच एक ठरावीक गुणोत्तर मिळतं.

ते का मिळतं, हे एका रुपयाचा माग काढला की कळतं. मेंटेनन्सच्या खात्यात एक रुपया आहे. वाटप झालं की त्यातले ८० पैसे उत्पादन विभागांत जातात आणि तिथून परत येत नाहीत, कारण उत्पादन विभाग कुणालाच काही वाटत नाहीत. २० पैसे युटिलिटीकडे जातात. त्या २० पैशांतले १८ तिथून उत्पादनाकडे जातात आणि फक्त २ पैसे मेंटेनन्सकडे परततात. म्हणजे एका पूर्ण फेरीत रुपयातले ९८ पैसे मुक्कामी पोचले. पुढच्या फेरीत उरलेल्या २ पैशांचंही तेच होणार. आकड्यांत मांडायचं तर ०.२० × ०.१० = ०.०२. दोन विभागांनी एकमेकांना दिलेल्या वाट्यांचा गुणाकार, एवढंच ते गुणोत्तर. शाळेत शिकलेली भूमिती श्रेणी ती हीच.

यातून दोन गोष्टी आपोआप हाती येतात. पहिली अशी की किती फेऱ्या लागतील हे वही उघडण्याआधीच सांगता येतं. समजा वाटे ५० आणि ४० टक्के असते, तर गुणोत्तर ०.२० झालं असतं आणि १,००,००० रुपयांचे २०,०००, मग ४,०००, ८००, १६०, ३२ होत सहाव्या फेरीला ६.४० उरले असते. वेळ जास्त लागला असता, पण शिल्लक विरलीच असती. ती विरणार नाही असा एकच प्रकार आहे: दोन विभाग आपलं शंभर टक्के काम फक्त एकमेकांसाठीच करतात. तसं असेल तर पैसा बाहेर पडायला वाटच नाही. असा आकडा दिसला तर दोष पद्धतीत शोधू नका, टक्केवारीत शोधा.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. आपण ६.२४ रुपयांवर थांबलो, तर कुठल्याही विभागाच्या आकड्यातली चूक ६.२४ पेक्षा मोठी असूच शकत नाही, कारण वाटायचं राहिलेलं सगळं तेवढंच होतं. प्रत्यक्षात ती त्याहून पुष्कळ लहान निघते. समीकरणं मांडून पाहू. मेंटेनन्सचा एकूण खर्च म आणि युटिलिटीचा य धरा:

म = १,८०,००० + ०.१० य
य = १,२०,००० + ०.२० म

यातून म = १,९५,९१८.३७ आणि य = १,५९,१८३.६७. त्यावरून मशीन शॉपचा वाटा १,४२,०४०.८२ येतो. आपल्या वहीत १,४२,०४०.८८ आहे. फरक सहा पैशांचा.

इथे मुलं हमखास अडखळतात. म आणि य यांची बेरीज ३,५५,१०२ रुपये येते, आणि खर्च तर ३,००,००० चाच होता. वरचे ५५,१०२ कुठून आले? ते नवे नाहीत. इकडून तिकडे फिरताना तेच पैसे दोनदा मोजले गेले. म पैकी फक्त ८० टक्के आणि य पैकी फक्त ९० टक्के उत्पादनाकडे जातात. ते काढून बेरीज करा, पुन्हा ३,००,००० मिळतील.

हाताने करताना सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे वाटून झालेला विभाग शून्यावर न आणणं. मेंटेनन्सकडे १५,६०० परत आले की काहीजण १,८०,००० मध्ये ते मिळवून १,९५,६०० पुन्हा वाटायला घेतात. शिल्लक विरण्याऐवजी वाढायला लागली की ही चूक झाली असं खुशाल समजावं. बारीक चुका पकडायला प्रत्येक ओळ तपासावी: चौघांना दिलेल्या रकमांची बेरीज वाटलेल्या रकमेइतकी आलीच पाहिजे.

सुरुवात कुठून करायची, याने अंतिम उत्तर बदलत नाही. युटिलिटीपासून सुरू करून पाहा, त्याच आकड्यांवर पोचाल. शिडीसारखं एकेका विभागाला कायमचं बंद करत जाणाऱ्या पद्धतीत मात्र क्रम बदलला की उत्तर बदलतं. सेवा विभाग तीन-चार असले की गुणोत्तर इतकं सोपं राहत नाही. तेव्हा ज्याची शिल्लक सर्वांत मोठी, त्याला आधी मोकळं करावं. कार्ल फ्रिडरिश गाऊसने १८२३ साली आपला विद्यार्थी गेर्लिंग याला पत्रातून हीच युक्ती कळवली होती. तिथे प्रश्न जमीन मोजणीतल्या समीकरणांचा होता आणि मिटवायची होती ती प्रत्येक समीकरणात उरणारी चूक. फेऱ्या मारण्याचं काम एक्सेलही करतं. दोन घरं एकमेकांवर अवलंबून ठेवली की ते आधी तक्रार करतं, पण `Enable iterative calculation` वर खूण केली की फेऱ्या मारत बसतं. मूळ सेटिंग बदललं नसेल तर कमाल १०० फेऱ्या, किंवा फरक ०.००१ च्या खाली जाईपर्यंत.

पैशापर्यंत अचूक कॉस्टिंगचं आश्वासन देत सॉफ्टवेअर विकलं जातं, त्याबद्दल माझा आक्षेप इथेच आहे. वाटप पैशापर्यंत अचूक करणं सोपं आहे, ते वहीतही होतं. पण ती टक्केवारी कुठून आली? समजा फिटरने कंप्रेसरवरचे काही तास चुकून मशीन शॉपच्या जॉब कार्डावर लिहिले, आणि मेंटेनन्सचे खरे वाटे मशीन शॉप ३५ आणि युटिलिटी २५ असे होते. पुन्हा हिशेब केला तर मशीन शॉपचा वाटा १,३६,६१५.३८ वर येतो, म्हणजे ५,४२५ रुपयांनी कमी. फेऱ्या सोडून समीकरण वापरलं म्हणून फरक पडला होता सहा पैशांचा. म्हणून असा तक्ता कुणी तपासायला दिला की फेऱ्या कुठे थांबवल्या ते मी नंतर बघतो. आधी त्या महिन्याची जॉब कार्डं मागून घेतो.