थेंब पोटाला, सुई रक्ताला

करवीर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात दीड महिन्याच्या बाळांचं लसीकरण चाललं होतं. सिस्टरनी एका बाळाच्या तोंडात पोलिओचे दोन थेंब सोडले आणि लगेच त्याच्या उजव्या दंडावर बारीक सुई टेकवली. बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या आजींना ते काही पटलं नाही. "आत्ता थेंब पाजलासा न्हवं? मग परत त्याच रोगाची सुई कशाला टोचतासा वो?" सिस्टर म्हणाल्या, "आजी, थेंब पोटासाठी, सुई रक्तासाठी." तेवढ्यात पुढचं बाळ रडायला लागलं आणि विषय तिथंच राहिला. उत्तर मात्र अचूक होतं. फक्त ते नीट उलगडायला उपकेंद्रातल्या गर्दीत सवड नसते.

पोलिओ म्हटलं की आपल्याला वाळलेला पाय आठवतो. पण हा विषाणू मुळात आतड्यातला. तो तोंडावाटे आत जातो, पोटातल्या आम्लाला दाद देत नाही, घशात आणि आतड्याच्या अस्तरात वाढतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. पंचगंगेच्या काठच्या माणसाला ही वाट नवी नाही. 2012 साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तो विषाणू वेगळा, पण वाट हीच. पोलिओला तर दूषित पाणीही लागत नाही. बाळाची शी काढून नीट न धुतलेले हात पुरतात. घरात एकाला लागण झाली की लस न घेतलेली बाकीची मुलं सहसा सुटत नाहीत.

पोलिओचा विषाणू तीन प्रकारचा, टाइप 1, 2 आणि 3. आता एका वस्तीत 200 मुलांना टाइप 1 ची लागण झाली असं समजू. कुणालाही आधी लस मिळालेली नाही. यातल्या बहुतेकांना काहीच होणार नाही. साधारण पाव मुलांना दोन-चार दिवस कणकण, घसादुखी किंवा पोटाची तक्रार होईल आणि आई म्हणेल, हवा बदलली. थोड्या जणांची मान आखडेल आणि ती बरीही होतील. पाय लुळा पडेल तो सुमारे एकाचा. पण विषाणू मात्र ही सगळी मुलं कित्येक आठवडे शौचावाटे सोडत राहतील. म्हणून एक मूल अचानक लंगडायला लागलं, तर जाणकार एक रुग्ण धरत नाहीत, त्याच्यामागची न दिसलेली साथ धरतात. टाइप 2 मध्ये तर हजार-दोन हजार लागणींमागे एखादाच लुळा पडतो, म्हणजे साथ आणखी खोल दडलेली.

मग एकाचाच पाय का? कारण मज्जारज्जूपर्यंत पोचणं विषाणूला फार अवघड जातं, आणि पोचून त्याचा फायदाही काही नाही. मज्जारज्जूतून तो दुसऱ्या माणसाकडे जाऊ शकत नाही. ती एक चुकलेली वाट आहे. आतड्यातून थोडा विषाणू रक्तात उतरतो. बहुतेकांच्या शरीरात आठवडा-दीड आठवड्यात प्रतिपिंडं तयार होतात आणि रक्तातला विषाणू तिथंच निकामी होतो. त्यांच्या हातून सुटलेला विषाणू स्नायूत शिरून तिथल्या चेतातंतूवरून उलटा, मज्जारज्जूकडे चढू शकतो. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की या चढणीत बहुतेक विषाणू वाटेतच गळतात. स्नायूला इजा झालेली असेल तर मात्र जास्त विषाणू वर पोचतात.

हे शेवटचं आपल्याकडे फार महागात पडलेलं आहे. पूर्वी मुलाला ताप आला की "डॉक्टर, एक सुई मारा" असं पालकच म्हणायचे. तो ताप पोलिओच्या लागणीचा असला, तर नेमक्या त्याच दिवसांत मांडीत किंवा कुल्ल्यात दिलेल्या इंजेक्शनानं लुळेपणाचा धोका वाढायचा, आणि बहुधा टोचलेलाच पाय जायचा. तेव्हा लोक सुईला दोष द्यायचे. दोष अर्धाच खरा होता, पण अगदी खोटाही नव्हता. मज्जारज्जूच्या पुढच्या भागातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मेल्या की स्नायू सैल पडतो. स्पर्श मात्र शाबूत राहतो, कारण तो सांगणाऱ्या पेशी वेगळ्या. पाय लुळा, पण चिमटा काढला तर मूल रडतं, ही पोलिओची जुनी खूण.

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. थेंबांत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो खऱ्या विषाणूसारखाच आतड्यात वाढतो, त्यामुळं आतड्याचं अस्तर स्वतःची प्रतिपिंडं तयार करायला शिकतं. पुढे खरा विषाणू आला तर त्याला तिथं फारसं वाढता येत नाही. इंजेक्शनात मारलेला विषाणू असतो. तो आतड्यात जातच नाही. त्यानं रक्तात भरपूर प्रतिपिंडं तयार होतात, म्हणजे मज्जारज्जूची वाट बंद, पण आतडं जवळपास उघडंच.

याचा अर्थ काय होतो, ते इस्राएलमध्ये 2013 साली दिसलं. तिथं 2005 पासून मुलांना फक्त इंजेक्शन मिळत होतं, आणि तेही जवळपास सगळ्यांना. तरी दक्षिणेकडच्या रहात या गावाच्या सांडपाण्यात टाइप 1 चा खरा, जंगली विषाणू सापडला आणि महिनोन् महिने सापडत राहिला. लुळं पडलेलं मूल एकही नव्हतं. मुलं निरोगी होती आणि विषाणू पसरवत होती. सांडपाणी तपासलं जात नसतं, तर कुणाला कळलंही नसतं. शेवटी ऑगस्टमध्ये इंजेक्शन घेतलेल्या मुलांनाच थेंब पाजायची मोहीम काढावी लागली.

मग नुसते थेंबच का नकोत? थेंबांचीही एक खोट आहे. दर 27 लाख डोसांमागे साधारण एखाद्या वेळी तो दुबळा विषाणूच लकवा आणतो. शिवाय लस न मिळालेल्या मुलांमध्ये तो महिनोन् महिने फिरत राहिला, तर त्याचं दुबळेपण झडतं. विषाणूच्या सुमारे साडेसात हजार अक्षरांच्या जनुकीय मजकुरात हे दुबळेपण मोजक्याच अक्षरांवर टेकलेलं असतं, आणि ती बदलायला वेळ लागत नाही. असं फिरून बळावलेल्या विषाणूंत सर्वाधिक त्रास टाइप 2 नं दिला. जंगली टाइप 2 तर 1999 मध्ये अलीगढला शेवटचा दिसला होता. म्हणून एप्रिल 2016 मध्ये थेंबांतून टाइप 2 काढून टाकला गेला. म्हणजे त्यानंतर जन्मलेल्या आपल्या बाळांना थेंबांतून टाइप 1 आणि 3 चंच संरक्षण मिळतं. टाइप 2 पासून त्यांना वाचवायला नेहमीच्या लसीकरणात ती सुईच आहे.

सुईचं आणखी एक काम आहे. वेल्लोरमध्ये आधी थेंब घेतलेल्या मुलांना इंजेक्शन देऊन पाहिलं, तेव्हा त्यांच्या शौचातून विषाणू बाहेर पडण्याचं प्रमाण कमी झालं. नुसती सुई आतड्याला काही शिकवत नाही, पण थेंबांनी शिकवलेलं ती त्याला पुन्हा आठवून देते.

2016 च्या सुमारास जगभर या इंजेक्शनाचा तुटवडा पडला. तेव्हा भारतानं नेहमीच्या अर्ध्या मिलिलिटरऐवजी 0.1 मिलिलिटर, म्हणजे पाचवा हिस्सा, थेट कातडीत द्यायचं ठरवलं. कातडीत प्रतिकारशक्तीला जागं करणाऱ्या पेशी स्नायूपेक्षा दाट असतात, म्हणून एवढ्यावर भागतं. मात्र एक डोस पुरत नाही. दीड महिना, साडेतीन महिने आणि 2023 पासून नववा महिना, असे तीन डोस घ्यावे लागतात. बरोबर टोचलं तर दंडावर लहानसा फुगवटा येतो. फुगवटा आला नाही तर लस कातडीत न राहता खोल गेली, हे सिस्टरना तिथल्या तिथं कळतं.

आजींच्या नातवाच्या उजव्या दंडावर तो आला होता. त्याची पुढची सुई दोन महिन्यांनी, त्याच दंडावर.