चिलेट परिणाम आणि पाण्याच्या कठीणपणाचे ईडीटीए अनुमापन

एकाच लिगंडाचे, म्हणजे धातूला जोडल्या जाणाऱ्या रेणूचे किंवा आयनाचे, दोन किंवा अधिक अणू धातूच्या आयनाला एकदम पकडतात तेव्हा वलय तयार होते. अशा संकुलाला चिलेट म्हणतात. ग्रीक भाषेतील खेकड्याच्या नांगीच्या शब्दावरून हे नाव १९२० मध्ये मॉर्गन आणि ड्र्यू यांनी सुचवले. सुट्या लिगंडांनी बनलेल्या तशाच संकुलापेक्षा चिलेट कितीतरी स्थिर असते. हाच चिलेट परिणाम. तासगाव, मिरज भागातील द्राक्षबागायतदार ‘चिलेटेड झिंक’ म्हणून जी पुडी आणतात, त्यात बहुधा ईडीटीए या चिलेट करणाऱ्या लिगंडाशी जस्ताचे संकुल असते.

निकेलचे उदाहरण बोलके आहे. निकेल आयनाला सहा अमोनिया रेणू जोडले तर संकुल किती घट्ट ते सांगणाऱ्या एकूण स्थिरतांकाचा लॉग सुमारे ८.६ येतो. तेच सहा नायट्रोजन तीन एथिलिनडायअमाइन रेणूंतून आले तर तो सुमारे १८.३ होतो, म्हणजे सुमारे पाच अब्जपट फरक. दोन्हीकडे बंध नायट्रोजनचेच, त्यामुळे बंधांची ताकद एवढी बदलत नाही. फरक पडतो तो मुख्यतः एन्ट्रॉपीमुळे, म्हणजे विस्कळीतपणा वाढल्यामुळे. तीन एथिलिनडायअमाइन आत येतात आणि सहा अमोनिया बाहेर पडतात. चार कणांचे सात होतात. शिवाय एक टोक सुटले तरी दुसरे धरून असल्याने सुटलेले टोक जवळच राहते आणि पुन्हा जुळते.

मात्र पाण्याला कठीण करणारे कॅल्शियम, मॅग्नेशियम एथिलिनडायअमाइनला फारशी दाद देत नाहीत. त्यांना ऑक्सिजन जवळचा. ईडीटीएमध्ये दोन नायट्रोजनांबरोबर चार कार्बोक्झिलेट गट असतात. एकच रेणू धातूला सहा ठिकाणी पकडून पाच वलये करतो. स्थिरतांकाचा लॉग कॅल्शियमसाठी सुमारे १०.७, मॅग्नेशियमसाठी ८.७. एका आयनाला एकच रेणू लागतो, त्यामुळे टप्प्याटप्प्याने बनणाऱ्या संकुलांचा गोंधळ टळतो आणि अनुमापनात, म्हणजे ज्ञात तीव्रतेचे द्रावण थेंबथेंब सोडून मोजण्यात, अंतिम बिंदू ठळक येतो. गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी १९४० च्या दशकात अनुमापन उभे केले ते याच बळावर.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील जत, कवठेमहांकाळ भागातील बोअरच्या पाण्याचा नमुना घेतला असे समजू. असे पाणी जड निघण्याची शक्यता धरून २५ मिलि नमुना पिपेटने शंकुपात्रात घ्यावा आणि ऊर्ध्वपातित पाण्याने ५० मिलि करावा. अमोनिया-अमोनियम क्लोराइड बफर १ ते २ मिलि घालून पीएच १० करावा. या पीएचला ईडीटीएचा सुमारे एक-तृतीयांश भाग पूर्ण प्रोटॉनमुक्त असतो. पीएच ७ ला तो इतका कमी होतो की मॅग्नेशियम नीट पकडले जात नाही. एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक चिमूटभर टाकला की मॅग्नेशियमशी जुळून द्राक्षासारखा लालसर रंग येतो. त्या संकुलाचा लॉग सुमारे ७ च आहे, म्हणून ईडीटीए शेवटी दर्शकाकडून मॅग्नेशियम काढून घेतो आणि रंग निळा होतो. लालसरपणाची शेवटची छटा जाईपर्यंत ईडीटीएचे थेंब तीन ते पाच सेकंदांच्या अंतराने सोडावेत. बफर घातल्यापासून पाच मिनिटांत काम संपवावे, नाहीतर कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो आणि निळा झालेला रंग पुन्हा लाल होतो.

ईडीटीए द्रावण ३.७२३ ग्रॅम डायसोडियम मीठ एक लिटरमध्ये विरघळवून केलेले, सुमारे ०.०१ मोलर. प्रमाणित कॅल्शियम कार्बोनेट द्रावणाविरुद्ध ते ०.००९८ मोलर निघाले आणि नमुन्याला १२.३ मिलि लागले, तर प्रत्येक मिलि ०.९८ मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेटबरोबर. १२.३ × ०.९८ = १२.०५ मिग्रॅ, २५ मिलित. लिटरमागे सुमारे ४८२ मिग्रॅ. भारतीय मानक १०५०० मध्ये इष्ट मर्यादा २०० आणि पर्यायी स्रोत नसेल तेव्हाची ६०० मिग्रॅ आहे. हे पाणी दोहोंच्या मध्ये बसते.

रंग निळा होतच नसेल तर आधी गंजलेल्या केसिंगचे लोखंड किंवा तांबे यांचा संशय घ्यावा. ते दर्शकाला इतके घट्ट धरतात की ईडीटीएला ते लवकर सोडवता येत नाही. लोखंडासाठी बफरच्या आधी ट्रायइथेनॉलअमाइन घालतात. उलट मॅग्नेशियम जवळजवळ नसलेल्या पाण्यात रंगबदल पुसट आणि लवकर दिसतो, कारण कॅल्शियम दर्शकाशी सैल जुळते. म्हणून बफरमध्येच थोडे मॅग्नेशियम-ईडीटीए घालून ठेवतात; त्याने मोजणी बदलत नाही. दर्शकाचे द्रावण काही दिवसांत खराब होते. ०.५ ग्रॅम पूड १०० ग्रॅम मिठात घोटून कोरडी ठेवली तर टिकते.

हा आकडा दोन्ही आयनांची बेरीज दाखवतो; उकळल्यावर कठीणपणा किती उतरेल ते त्यातून कळत नाही. त्यासाठी नमुना उकळून, थंड करून, गाळून, मूळ आकारमानापर्यंत पुन्हा ऊर्ध्वपातित पाण्याने भरावा आणि हेच अनुमापन परत करावे. दोन वाचनांतील फरक हा तात्पुरता कठीणपणा.